नाव नसलेल्या रेकॉर्डिंगची तारीख: ती फाइलच्या पोटातच असते

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गणपतीचे दहा दिवस कुठे ना कुठे गाणं चालू असतं. कुणीतरी रेकॉर्डर पुढे ठेवतं, कुणीतरी मोबाइलवर उतरवून घेतं, आणि सगळं एका हार्ड डिस्कवर जमा होतं. काही वर्षांनी ती डिस्क उघडली की आत `New Folder (3)` आणि त्यात `ZOOM0013.WAV`, `Voice 004.m4a`, `Track 01.mp3`. गाणाऱ्याचा आवाज ओळखू येतो, पण हे कोणत्या वर्षाचं, कोणत्या दिवसाचं, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

अशा वेळी एकेक फाइल ऐकून आठवायला बसण्याआधी एक काम करावं. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्या यंत्राने फाइलच्या आत स्वतःहून काही लिहून ठेवलेलं असतं: कधी सुरू केलं, कोणतं यंत्र, किती वेळ. याला मेटाडेटा म्हणतात. पुढे त्याला साधं ‘नोंद’ म्हणू. ही नोंद वाचणं सोपं आहे. ती किती खरी मानायची हे ठरवणं अवघड आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

## कॉम्प्युटरवर तारीख दिसतेच की

दिसते, पण ती वेगळी तारीख. जुन्या पत्रावर दोन तारखा असायच्या. एक पाकिटावर, टपालाच्या शिक्क्यात. दुसरी आत, कागदाच्या डोक्यावर, लिहिणाऱ्याने घातलेली. कॉम्प्युटरच्या यादीत फाइलसमोर दिसते ती शिक्क्याची तारीख. ती फाइलच्या आत नसते; डिस्क ती आपल्या वहीत बाहेरून लिहिते. फाइल दुसरीकडे नेली की हा शिक्का बदलू शकतो.

विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवरून फाइल डिस्कवर घेतली, तर ‘Date created’ म्हणून कॉपी केल्याची वेळ लागते आणि ‘Date modified’ बहुतेक वेळा जुनीच राहते. त्यामुळे फाइल तयार झाली २०२१ मध्ये आणि बदलली २०१६ मध्ये, असं उलटं चित्र दिसतं. असं दिसलं की समजावं, ही कॉपी आहे, आणि ‘तयार झाली’ ही तारीख आपल्या उपयोगाची नाही.

पत्राच्या डोक्यावरची तारीख मात्र फाइलबरोबर जाते. फाइल दहा डिस्कांवरून फिरली तरी ती तशीच राहते, जोवर कुणी ती फाइल संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पुन्हा जतन करत नाही.

## नोंद नेमकी कुठे लिहिलेली असते

हातात धरायच्या चांगल्या रेकॉर्डरची WAV फाइल बहुधा ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ प्रकारची असते. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने १९९७ मध्ये हा प्रकार ठरवला, तो रेडिओ केंद्रांना आपापसात फाइली देता-घेता याव्यात म्हणून. आवाजाच्या आधी त्यात `bext` नावाचा एक कप्पा असतो. कप्प्यातल्या जागा ठरलेल्या आहेत: वर्णनाला २५६ अक्षरं, यंत्राच्या नावाला ३२, तारखेला १०, वेळेला ८. यंत्राच्या जागी `ZOOM Handy Recorder H1` असं काही सापडतं. तारीख आणि वेळ रेकॉर्डिंग सुरू झाल्याची असते, आणि रेकॉर्डरच्या घड्याळात जी होती ती. देश किंवा वेळेचा पट्टा लिहायला त्यात जागाच नाही.

मोबाइलच्या m4a आणि mp4 फाइली वेगळ्या घराण्यातल्या. त्यांत वेळ एका आकड्याने लिहिलेली असते: १ जानेवारी १९०४ च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले. म्हणून एखाद्या फाइलची तारीख १९०४ किंवा नुसती शून्यं दिसली, तर घाबरू नये. फोनने ती जागा रिकामी सोडली, एवढाच त्याचा अर्थ. आयफोनच्या ‘व्हॉइस मेमो’ मधली फाइल असेल तर आत `com.apple.VoiceMemos` हे नावही मिळतं.

MP3 या बाबतीत सर्वांत गरीब. पुष्कळ MP3 फाइलींत रेकॉर्डिंगची वेळ नसतेच.

## सगळ्या फाइलींची एक यादी

एकदोन फाइली पाहायच्या असतील तर मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. शेकडो असतील तर एक्झिफटूल घ्यावं, तेही मोफत. डिस्कवरच्या फाइलींची आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत करावी, त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि एवढंच लिहावं:

```
exiftool -r -csv -d "%Y-%m-%d %H:%M:%S" -DateTimeOriginal -CreateDate -Duration# -Originator -Encoder -Software -FileModifyDate . > yadi.csv
```

ही आज्ञा फक्त वाचते, फाइलीला हात लावत नाही. `yadi.csv` एक्सेलमध्ये उघडली की प्रत्येक फाइलची एक ओळ मिळते. `DateTimeOriginal` खाली रेकॉर्डरची वेळ, `CreateDate` खाली मोबाइलची, `Duration` खाली लांबी सेकंदांत, आणि `Originator`, `Encoder`, `Software` या तीन रकान्यांत यंत्राचा किंवा सॉफ्टवेअरचा माग.

पहिली वर्गवारी तारखेने करायचा मोह आवरावा. आधी यंत्राने करावी. प्रत्येक यंत्राचं घड्याळ वेगळं, त्याच्या खोडी वेगळ्या, त्यामुळे एका यंत्राच्या फाइली एकत्र ठेवल्या की चुकाही एकसारख्या होतात, आणि एकसारखी चूक दुरुस्त करता येते.

## मोबाइलची वेळ साडेपाच तास मागे का

मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून लागतं, त्यामुळे ते सहसा बरोबर असतं. पण mp4 घराण्याच्या नियमाप्रमाणे फाइलीत भारतीय वेळ लिहायची नसते, जागतिक वेळ लिहायची असते. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. रात्री ९ वाजून १२ मिनिटांची नोंद दुपारी ३ वाजून ४२ मिनिटांची दिसते. दिवसा याने फारसं बिघडत नाही. रात्रभर चाललेल्या बैठकीत बिघडतं, कारण मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळातल्या प्रत्येक फाइलची तारीख एक दिवस आधीची दिसते. पहाटेची भैरवी आदल्या दिवसाच्या खात्यात जाते.

सगळे फोन नियम पाळतात असं नाही. काही थेट स्थानिक वेळ लिहितात. म्हणून सरसकट साडेपाच तास मिळवू नयेत. त्या फोनची एक तरी फाइल तपासावी. सर्वांत सोपी तपासणी फाइलच्या नावातून होते, कारण अनेक फोन नावातच स्थानिक तारीख-वेळ घालतात.

इथे आणखी एक खोड कळते. समजा फाइलचं नाव `20160906_205020.m4a`, आतली नोंद `2016-09-06 15:42:30`, आणि लांबी १३३० सेकंद, म्हणजे २२ मिनिटं १० सेकंद. नोंदीत साडेपाच तास मिळवले तर २१:१२:३० येतात. नाव सांगतं २०:५०:२०. दोन्हींत फरक बरोबर २२ मिनिटं १० सेकंदांचा, म्हणजे फाइलच्या लांबीएवढा. याचा अर्थ नाव रेकॉर्डिंग सुरू करताना पडलं आणि आतली वेळ ते थांबवताना लिहिली गेली. अँड्रॉइड फोनमध्ये हे फार आढळतं, कारण तो हा भाग फाइल बंद करताना लिहितो. सुरुवात हवी असेल तर नोंदीतून लांबी वजा करावी. तीन मिनिटांच्या आरतीला याने काही फरक पडत नाही. दोन तासांच्या कीर्तनाला पडतो. क्रमच उलटा लागू शकतो.

## रेकॉर्डरचं घड्याळच चुकलेलं असेल तर सगळं वाया गेलं?

नाही. हाच या कामातला सर्वांत उपयोगी भाग आहे.

हातातल्या रेकॉर्डरला नेटवर्क नसतं. बॅटरी काढून बराच काळ ठेवली की घड्याळ कंपनीने ठरवलेल्या आरंभाच्या तारखेवर जातं, आणि नव्या बॅटरी घातल्यावर तिथून चालू लागतं. यादीत अनेक फाइली एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सुरू होताना दिसल्या आणि वेळ मध्यरात्रीनंतरची काही मिनिटं असली, तर हेच झालेलं असतं. तारीख चुकली, पण घड्याळ चालूच होतं. भिंतीवरचं घड्याळ दोन तास मागे असलं तरी भात किती वेळ शिजला ते त्यावर बरोबर कळतं, तसंच हे. एका जागी खरी वेळ कळली की बाकीच्या सगळ्या फाइलींची कळते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. डिस्कवर `ZOOM0012` पासून पुढे फाइली आहेत. पहिलीची नोंद `2013-01-01 00:10:00`. दुसरी, `ZOOM0013`, `2013-01-02 01:36:45`. जानेवारीतल्या मध्यरात्री गणपतीची आरती कुणी म्हणणार नाही, तेव्हा हे घड्याळ चुकलेलंच.

आता वरची मोबाइलची फाइल घ्यावी. ती त्याच कार्यक्रमाची आहे हे ऐकून कळतं: तेच भजन, मध्येच तीच खोकल्याची उबळ. दोन्हींत अगदी नेमका ओळखू येणारा एक क्षण शोधावा. टाळी, पेटीचा पहिला सूर, पडलेलं भांडं, काहीही चालेल. समजा आरतीचा पहिला शब्द मोबाइलच्या फाइलीत ३ मिनिटं ४० सेकंदांवर येतो. मोबाइल २०:५०:२० ला सुरू झाला, म्हणजे तो शब्द ६ सप्टेंबर २०१६ रोजी २०:५४:०० वाजता उच्चारला गेला. रेकॉर्डरच्या फाइलीत तोच शब्द १२ मिनिटं १५ सेकंदांवर आहे. ०१:३६:४५ मध्ये ते मिळवले की रेकॉर्डरच्या घड्याळात तेव्हा २ जानेवारी २०१३, ०१:४९:०० वाजले होते.

दोन्हींतला फरक १३४३ दिवस, १९ तास, ५ मिनिटं. एक्सेलमध्ये रेकॉर्डरच्या प्रत्येक ओळीत तो मिळवायचा:

```
=B2+1343+TIME(19,5,0)
```

`ZOOM0012` ची दुरुस्त वेळ येते ५ सप्टेंबर २०१६, संध्याकाळचे सव्वासात. २०१६ मध्ये गणेश चतुर्थी ५ सप्टेंबरलाच होती. घड्याळाचा आरंभ, म्हणजे बॅटरी घातल्याची वेळ, सात वाजून पाच मिनिटं निघते: कार्यक्रमाच्या जरा आधी, जेव्हा कुणीही बॅटरी घालेल. `ZOOM0013` मध्ये निवेदक ‘आज ऋषिपंचमी’ म्हणत असेल तर तिसरा साक्षीदारही मिळाला. एकाच आकड्याला तीन वेगळ्या वाटांनी दुजोरा मिळाला की मग तो निर्धास्त वापरावा.

अशा घड्याळातला स्फटिक दिवसाला साधारण एकदोन सेकंद मागेपुढे होतो. दहा दिवसांत फार तर अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर, आणि तारीख लावताना त्याचा विचार करायची गरज नाही.

फाइल मूळ आहे की कुणी कापलेली, तेही इथेच तपासता येतं. रेकॉर्डरच्या कार्डवर ‘Date modified’ म्हणून रेकॉर्डिंग थांबल्याची वेळ पडते, तीही त्याच चुकलेल्या घड्याळातली. `ZOOM0013` ची लांबी ४८ मिनिटं ३० सेकंद असेल तर ती ०२:२५:१५ च्या आसपास हवी. कार्डच्या पद्धतीत सेकंद दोन-दोनच्या पटीतच लिहिले जातात, म्हणून १४ किंवा १६ दिसतील. याच्याशी जुळलं तर फाइल जशी निघाली तशीच आहे. काही वर्षांचा फरक दिसला तर मध्ये कुणाचा तरी हात लागला आहे.

## मध्येच बॅटरी बदलली असेल तर?

तर तो फरक तिथून पुढे लागू होत नाही, आणि हे न पाहता सगळ्या ओळींत एकच आकडा ओढून नेणं ही या कामातली सर्वांत महागाची चूक आहे. ओळखायची खूण अशी: फाइलचा क्रमांक पुढे जातो आणि तारीख मागे येते. `ZOOM0019` ची नोंद ८ जानेवारी, आणि `ZOOM0020` ची पुन्हा १ जानेवारी, ००:०३. इथे घड्याळ दुसऱ्यांदा शून्यावर आलं. यादी तिथे कापावी आणि पुढच्या तुकड्यासाठी नवा आधार शोधावा.

समजा त्या तुकड्याची मोबाइलवरची जोडफाइल नाही, पण `ZOOM0023` मध्ये अनंत चतुर्दशीचा उल्लेख आहे आणि तिची नोंद ३ जानेवारी, ००:४२. `ZOOM0020` पासून ती ४८ तास ३९ मिनिटांनी पुढे आहे. दोन्ही संध्याकाळचे कार्यक्रम, म्हणजे `ZOOM0020` चतुर्दशीच्या दोन दिवस आधीची. २०१६ मध्ये अनंत चतुर्दशी १५ सप्टेंबरला होती, तेव्हा ही १३ सप्टेंबरची ठरते. `ZOOM0019` आधीच १२ सप्टेंबरला लागलेली आहे, त्यामुळे सांधा नीट बसतो.

नीट बसतो म्हणून सिद्ध झालं असं मात्र नाही. रेकॉर्डर वर्षभर कपाटात पडून पुढच्या गणपतीत निघाला असेल, तर कार्डवर क्रमांक असाच पुढे चालला असता आणि ती ५ सप्टेंबर २०१७ ची चतुर्दशी असती. या तुकड्यासमोर यादीत ‘अंदाज’ असं लिहावं, पहिल्या तुकड्यासमोर ‘दुरुस्त’, आणि मोबाइलच्या तपासलेल्या फाइलींसमोर ‘निश्चित’. पुढे कुणाला त्या वर्षाची कार्यक्रमपत्रिका सापडली तर नेमकं कुठे पाहायचं ते त्याला कळेल.

## निवेदक तिथी सांगतो, मग एवढी आकडेमोड कशाला?

तिथीत वर्ष नसतं, हे एक. दुसरं खास आपल्याकडचं. ग्वाल्हेरात मराठी आणि हिंदी निवेदन एकाच मंचावर होतं, आणि दोन पंचांगांचे महिने अर्धा काळ जुळत नाहीत. मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात नाव एकच असतं, म्हणून गणेश चतुर्थी दोन्हीकडे भाद्रपदात येते. कृष्ण पक्षात हिंदी महिना एक पाऊल पुढे असतो: आपली श्रावण वद्य अष्टमी ती त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस तोच, जन्माष्टमीचा. हिंदी निवेदनातला ‘भादों’ कृष्ण पक्षाचा असेल आणि तो मराठी पंचांगात शोधला, तर तारीख एका महिन्याने पुढे जाते. यंत्राची नोंद अशा वेळी निकाल देते.

## कॅसेटवरून उतरवलेलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं

इथे नोंदीची मर्यादा येते. १९८६ ची कॅसेट २०१८ मध्ये कॉम्प्युटरवर घेतली, तर फाइलीतली तारीख २०१८ ची असते. झेरॉक्सवर झेरॉक्स काढल्याची तारीख असावी तशी. फसवी म्हणावी तर नाही. आपण तिला भलताच प्रश्न विचारतो. अशा फाइली यंत्राच्या रकान्यावरून ओळखू येतात. तिथे रेकॉर्डरचं नाव नसतं, सॉफ्टवेअरचं असतं. `LAME3.100` दिसलं तर MP3 करणाऱ्या सॉफ्टवेअरची ती आवृत्ती ऑक्टोबर २०१७ मध्ये आली, म्हणून फाइल त्याआधीची असूच शकत नाही. `Lavf58` दिसलं तर एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती २०१८ किंवा नंतरची. यातून कळतं ते रूपांतर कधीच्या आधी झालेलं नाही, एवढंच. गाणं कधीचं ते कॅसेटच्या डबीवर, नाहीतर आवाजातच शोधावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या `AUD-20180828-WA0003` सारख्या नावातली तारीख पाठवण्या-मिळण्याची असते. गाणं त्या दिवशी किंवा त्याच्या आधी झालं, याहून जास्त ती सांगत नाही. पण वरची मर्यादा म्हणून ती मोलाची आहे: `LAME` ने ‘याच्या आधी नाही’ सांगितलं आणि या नावाने ‘याच्या नंतर नाही’ सांगितलं, तर फाइल दोन भिंतींमध्ये सापडते.

## मग फाइलीतली चुकीची तारीख दुरुस्त करून टाकायची का?

मूळ फाइलीत नाही. `2013-01-02 01:36:45` ही चूक असली तरी ती पुरावा आहे. तिच्यावरूनच पुढच्या माणसाला १३४३ दिवसांचा हिशेब पुन्हा करून पाहता येईल. ती पुसून खरी तारीख लिहिली की आपला हिशेब चुकला होता का, हे कुणालाच तपासता येणार नाही. दुरुस्त तारीख यादीच्या नव्या रकान्यात लिहावी, शेजारी ती कशावरून काढली ते एका ओळीत लिहावं, आणि ऐकण्यासाठीच्या प्रतीला नाव द्यावं: `2016-09-06_2041_ZOOM0013.WAV`. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डर आपोआप क्रमाने लागतं. जुनं नाव शेवटी ठेवावं, कारण मूळ डिस्कवर ती फाइल शोधायला तोच एक धागा आहे.